भिशीला दर महिन्याला बोलावतात आणि जायचं नाहीये, मग बहाणे न सांगता नाही कसं म्हणायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मी बरीच वर्षं भिशी चालवते, म्हणजे बोलावणारी बाजू माझी. बायका नाही कशा म्हणतात, त्यातलं काय आम्हाला कळतं, काय अजिबात कळत नाही आणि कशामुळे आम्ही परत परत विचारत राहतो हे मी रोज बघते. त्यामुळे हे प्रश्न मला नेहमी विचारले जातात, कधी गच्चीवर पापड वाळत घालताना तर कधी कोणाची तरी बहीण फोन करून विचारते. सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

ज्यांना भिशी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समजा १२ जणी आहेत, प्रत्येकीने महिन्याला २,००० काढायचे, म्हणजे २४,००० जमतात. चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिला ते सगळे पैसे, आणि तिचं नाव पुढच्या महिन्यापासून चिठ्ठ्यांतून बाद, पण पैसे मात्र तिने शेवटपर्यंत भरायचेच. १२ महिन्यांनी सगळ्यांना एकेकदा मिळून जातात. सोबत खाणंपिणं, हाउजी, गप्पा. तर ओळखीतली कोणी भिशीला बोलावते तेव्हा ती एका दुपारचं बोलावत नसते, वर्षभराचं बोलावत असते. पुढची सगळी उत्तरं ह्यावरच उभी आहेत.

दर वेळी काहीतरी सांगून वेळ निभून जाते की, मग खरं कशाला सांगायचं?

निभत नाही, निदान भिशीत तरी नाही, कारण आम्ही दर महिन्याला विचारणार आणि तुमचं कारण आम्ही खरं धरणार. खरं धरलं की माणूस काय करतो, तर ती अडचण दूर करायला बघतो. आमच्याकडचंच सांगते. बी विंगमध्ये एक वहिनी नवीन राहायला आल्या, मी लिफ्टमध्ये विचारलं, त्या म्हणाल्या शनिवारी दुपारी मुलीचा डान्स क्लास असतो हो. मी ग्रुपवर टाकलं की नवीन वहिनींना शनिवार जमत नाही तर रविवार करूया का, आणि दोघींना रविवार गैरसोयीचा होता तरी सगळ्या हो म्हणाल्या. मी मोठ्या आनंदाने जाऊन सांगितलं की तुमच्यासाठी वार बदलला. आता त्या काय बोलणार? म्हणाल्या ह्या रविवारी नेमक्या सासूबाई येताहेत नाशिकहून. मग पुढच्या महिन्यात मी परत गेले, तेव्हा ऑफिसचं ऑडिट. त्यानंतर खरोखरच सासूबाई आल्या, मला खाली भाजीच्या गाडीवर भेटल्या, मी सहज म्हटलं काकू गेल्या महिन्यात आला होतात तेव्हा भेट नाही झाली, तर त्या म्हणाल्या अगं मी दिवाळीनंतर आत्ताच येतेय. वहिनी शेजारीच मेथी निवडत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं, मी विषय बदलला.

त्यांच्या मनात माझ्याबद्दल काहीही वाईट नव्हतं. एकदा वार सांगितला म्हणून दुसऱ्यांदा माणूस सांगावं लागलं, माणूस सांगितलं म्हणून तिसऱ्यांदा ऑफिस. एका सोसायटीत राहून हे लपत नाही, वॉट्सॲपचं स्टेटस दिसतं, गाडी पार्किंगला दिसते, मुलं एकमेकांत बोलतात.

पण मी खोटं बोलतच नाही, मी नुसतं "बघू" किंवा "जमवते" म्हणते. त्यात काय?

त्यात आमची एक जागा अडकते. भिशीला आकडा लागतो. १२ महिन्यांची भिशी असेल तर १२ नावं लागतात, ११ झाली तर रक्कम २२,००० होते, महिने कमी होतात, सगळं गणित परत सांगत बसावं लागतं. तुम्ही "जमवते" म्हणालात की चालवणारी तुमचं नाव वहीत पेन्सिलीने लिहून ठेवते आणि दुसऱ्या कोणी विचारलं तर तिला सांगते थांब, एकीचं नक्की व्हायचंय. मी हे केलेलं आहे, सगळ्याच करतात. मग पहिल्या भिशीच्या आदल्या दिवशी तुमचा मेसेज येतो की ह्या वेळी राहूदे. आता माणूस कुठून आणायचं? त्यापेक्षा पंधरा दिवस आधी सरळ नाही म्हणालात तर आम्हाला फार बरं पडतं, खरंच सांगते, राग तर सोडाच.

मग नेमकं बोलायचं काय?

त्या बी विंगच्या वहिनींनी शेवटी जे सांगितलं तेच देते, कारण त्याहून चांगलं मी अजून ऐकलेलं नाही. नवीन भिशी सुरू व्हायच्या आधी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "ताई, एक सांगायचं होतं. मला भिशी नको आहे. पैशांचे असे सामायिक व्यवहार मी कोणाबरोबरच ठेवत नाही, माझा तो पहिल्यापासूनचा स्वभाव आहे. तुम्ही आठवणीने विचारता ते मला आवडतं, पण माझ्यासाठी जागा धरू नका."

एवढंच. अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल. त्यात त्यांनी काय केलं बघा. आधीची सगळी उत्तरं शनिवारबद्दल, रविवारबद्दल, ऑडिटबद्दल होती, आणि हे उत्तर भिशीबद्दल होतं. वार बदलून, वेळ बदलून, घर बदलून ह्या उत्तराला मला काही करताच येत नव्हतं, म्हणून मी काही करायला गेलेच नाही. दुसरं म्हणजे कारण एकच दिलं आणि ते त्यांच्या स्वतःबद्दल होतं, आमची भिशी चांगली की वाईट, त्यातल्या बायका कशा, ह्यावर एक शब्द नाही. आणि शेवटचं वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटतं, "जागा धरू नका", कारण त्याने मी पुढे काय करायचं ते मला कळलं. नुसतं "मला नको" म्हणाल्या असत्या तर सहा महिन्यांनी मी परत विचारलं असतं, कदाचित आता हवं असेल म्हणून. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एकीला घेतलं आणि विषय संपला. त्या वहिनींशी माझं बोलणं आता आधीपेक्षा मोकळं आहे, आधी लिफ्टमध्ये मी दिसले की त्या मोबाईलमध्ये बघायच्या.

तुमच्या तोंडी बसेल तसं करून घ्या. मालवणीत, वऱ्हाडीत, जशी बोलता तशी. पाठ केल्यासारखं वाटू देऊ नका.

खरं कारण कुठलं सांगू? माझी तर चार कारणं आहेत.

चारही सांगू नका. मनाशी एक तपासून बघा, हे कारण उद्या मिटलं तर मी जाईन का? जाईन असं उत्तर आलं तरच ते खरं कारण. नाही आलं तर तो बहाणाच आहे, मग तो गोष्ट म्हणून खरा का असेना. मुलीचा क्लास खरंच शनिवारी असेल, पण क्लास बंद झाला तरी तुम्ही येणार नसाल तर क्लासचं नाव काढू नका.

पैशाच्या कारणाचं तर हमखास असं होतं. समजा तुम्ही म्हणालात की महिन्याला २,००० बांधून घेणं सध्या जमत नाही. लगेच चालवणारी म्हणणार, अगं मग अर्धी भिशी घे ना, आणि ही सोय खरंच असते, दोघींनी मिळून एक नाव घ्यायचं, एकेकीने १,००० भरायचे, नाव निघालं की १२-१२ हजार वाटून घ्यायचे. आता तुम्हाला १,००० मध्येसुद्धा यायचं नसेल तर तुम्ही अडकलात. पैशाची अडचण खरी असेल आणि अर्धीत यायला आवडणार असेल तर मात्र जरूर सांगा, त्यात कमीपणा काही नाही, आमच्याकडे दोन जोड्या आहेत अशा.

आणि कारण सांगायचंच नसेल तर नका सांगू. "मला भिशी नकोय, कारण राहूदे, पण नक्की नकोय" एवढंही चालतं. ऐकणारीला क्षणभर विचित्र वाटेल, पण रचलेल्या कारणापेक्षा ते बरं.

ह्यांना आवडत नाही असं सांगितलं तर? लगेच गप्प बसतात सगळ्या.

गप्प बसतात, पण तुमच्यासमोर. नंतर तुमच्या मिस्टरांबद्दल जे बोललं जातं ते तुम्हाला ऐकवणार नाही. त्यांना खरंच आवडत नसेल आणि तुम्ही त्यांच्यासाठी थांबला असाल तर गोष्ट वेगळी, पण त्यांना काही पडलेलीच नसताना त्यांच्या नावावर खपवू नका. शिवाय मी बघितलंय, पुढे गणपतीत कोणीतरी त्यांनाच विचारतं, काय हो भाऊजी, वहिनींना भिशीला का सोडत नाही? ते बिचारे तुमच्याकडे बघत राहतात.

मी नाही म्हणते पण त्या मनावरच घेत नाहीत, आग्रह सुरूच.

हे आपल्याकडे होणारच. जेवताना पहिल्या "नको नको"ला आपण कुठे थांबतो, पोळी पानात पडतेच. पहिलं नाही हे संकोचाचं असतं अशी आपल्या सगळ्यांची समजूत, त्यामुळे बोलावणारीला खरंच वाटतं की हिला यायचंय, फक्त लाजतेय. अशा वेळी तुमचं नाही हे लाजेचं नाहीये एवढं तिला कळायला हवं.

त्यासाठी सुरातच फरक करावा लागतो. हसत हसत, चालता चालता, "अहो नाही हो, मला कुठलं जमतंय" असं म्हणालात तर ते लाजेचंच ऐकू येतं. थांबा, तिच्याकडे बघा, नेहमीच्या आवाजात बोला आणि बोलून झालं की दुसरं काही जोडू नका. आपण काय करतो, नाही म्हटल्यावर शांतता झाली की ती भरायला "म्हणजे पुढे कधीतरी बघू" असं स्वतःच म्हणून टाकतो, आणि सगळं केलेलं वाया जातं. ती शांतता दोन-चार सेकंदांचीच असते, होऊ द्या. ती बाईच काहीतरी बोलेल, बहुतेक वेळा "बरं, असूदे" असंच.

समोर सांगू की वॉट्सॲपवर?

एकटीला गाठून, समोरासमोर. फोन पण चालेल. ग्रुपवर मात्र नको, तिथे तुमच्या एका नाहीखाली बाकीच्या जणी "का गं?", "ये ना प्लीज", हात जोडलेले इमोजी असं टाकत बसतात आणि प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायची वेळ येते. वेळ पण बघा, आमंत्रणाच्या तोंडावर सांगण्यापेक्षा मधल्या एखाद्या दिवशी, जेव्हा तिने विचारलेलंच नाहीये तेव्हा आपणहून सांगितलं तर ते फार वेगळं पोचतं, कारण तेव्हा कळतं की ही विचार करून बोलतेय.

समोर जीभच उचलत नसेल तर तिला एकटीला मेसेज करा, हरकत नाही. छोटा करा. चार परिच्छेद लिहिलेत की ती त्यातला एखादा धरून त्याचं उत्तर देत बसेल.

मला विचारण्याआधीच ग्रुपमध्ये ॲड करून टाकलं. आता?

त्याच दिवशी बाहेर पडा, पण आधी चालवणारीला एक ओळ टाका, "ताई, मी भिशीत नाहीये म्हणून ग्रुपमधून बाहेर पडते, नाहीतर पैशांच्या हिशोबात गोंधळ होईल." हे खरंच होतं, आमच्याकडे ग्रुपमधली माणसं मोजूनच हिशोब मांडला जातो. म्यूट करून पडून राहू नका. दोन महिने कोणी ग्रुपमध्ये असलं की सगळ्या धरून चालतात की ती भरणारे.

सरळ सांगून झालं तरी तीन महिन्यांनी परत विचारलं. आता नवीन काय सांगू?

नवीन काहीच सांगू नका. तेच वाक्य परत, जवळजवळ त्याच शब्दांत. "नाही हो ताई, मागे म्हटलं तसं, भिशी नाही करत मी." आपल्याला वाटतं की तेच तेच उत्तर देणं उद्धट दिसतं, पण ऐकणारीच्या बाजूने सांगते, तेच उत्तर आलं की आम्हाला खात्री पटते की हे पक्कं आहे. कारण बदललं की आशा वाटते, की बहुतेक आधीचं मिटलेलं दिसतंय. बऱ्याचदा विचारणारी खरंच विसरलेली असते, नवीन भिशी लावताना आम्ही सोसायटीची अख्खी यादी घेऊन बसतो. तिने मुद्दाम डिवचलंय असं लगेच समजू नका.

पण तरीही दर महिन्याला येतच राहिली तर एक पायरी पुढे जा, "तुम्ही विचारता आणि मला दर वेळी नाही म्हणावं लागतं, मला अवघडल्यासारखं होतं. मला कधी वाटलं तर मी स्वतःच तुमच्याकडे येईन." इथे विचारायचं काम तुम्ही स्वतःकडे घेतलंत. पण हे वाक्य खरं असेल तरच वापरा, आयुष्यात कधीच येणार नसाल तर "वाटलं तर" काढून टाका आणि "प्लीज आता विचारू नका" एवढं म्हणा.

त्या म्हणतात पैसे भरू नकोस, नुसती गप्पा मारायला आणि खायला ये.

हे वेगळं आमंत्रण आहे आणि ह्याचा वेगळा विचार करा. माणसं आवडत असतील, फक्त पैशांत पडायचं नसेल तर जा की. फक्त एक लक्षात ठेवा, बाकीच्यांच्या घरी आळीपाळीने खाणं होतं, तुम्ही चार वेळा खाऊन आलात की तुम्हालाच वाटायला लागेल की आता आपणही बोलवावं, आणि तिथून भिशीत शिरायला वेळ लागत नाही. माणसांतच जायचं नसेल तर तेही सांगता येतं, "मला एवढ्या जणींत बसायला नाही जमत, मला दोघी-तिघींतच बरं वाटतं." हे सांगायला बायका फार घाबरतात, पण अशा स्वभावाची एक तरी प्रत्येकीच्या घरात असते, लगेच समजतं. वर तिला एकटीला "चहाला या कधीतरी" म्हणणार असाल तर वारासकट म्हणा, म्हणायचं नसेल तर उगाच गोड वाटावं म्हणून म्हणू नका.

आत्तापर्यंत पाच-सहा बहाणे सांगून झालेत. आता खरं कसं सांगू, आधीचं सगळं उघडं पडेल.

एकेक बहाणा उकलून सांगायची गरज नाही, कोणी मागितलेलंही नाही. बी विंगच्या वहिनींनी जुन्या कशाचाच उल्लेख केला नाही आणि मीही नाही केला. फारच मनाला लागत असेल तर एक वाक्य पुरे, "इतके दिवस मी काहीतरी सांगत राहिले, सरळ सांगायला संकोच वाटत होता." समोरचीला आधीच अंदाज आलेला असतो. तिला सुटल्यासारखंच वाटतं.

भिशीला नाही म्हटलं मग हळदीकुंकवाला, पूजेला पण नाही म्हणायचं का?

अजिबात नको, उलट ह्यांना जाऊन या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू, कोणाकडचा सत्यनारायण, बारसं, गणपतीचं दर्शन, ही बोलावणी वर्षभराची बांधिलकी मागत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं जायचं, हळदीकुंकू लावून, वाण घेऊन, तिळगूळ खाऊन निघायचं, कोणी जास्त बसण्याची अपेक्षाच करत नाही. आणि भिशीला नाही म्हणणारी बाई तीर्थप्रसादाला आली की सगळ्यांना दिसतं की तिचं वाकडं भिशीशी आहे, आमच्याशी नाही. कोणाकडे काही वाईट घडलं तर बोलावण्याची वाटच बघायची नसते, ते तुम्हाला माहीतच आहे.

शिष्ट आहे, भाव खाते असं बोलतील ना?

काही जणी बोलतील. चार दिवस बोलतील. सरळ नाही म्हटल्यावर कोणालाच काही वाटणार नाही असं मी सांगणार नाही, मलाही पहिल्यांदा जरासं लागतंच, विशेषतः जिला मी आपली समजते तिने म्हटलं तर. पण एक बघितलंय, सरळ नाही म्हणणारीबद्दल एकच गोष्ट बोलली जाते, की ती भिशी करत नाही. बहाणे सांगणारीबद्दल दर महिन्याला नवीन विषय निघतो, खरंच आजारी होती का, खरंच पाहुणे होते का.

एक मात्र आहे. बोलावणारी तुमची साहेबीण असेल, किंवा घरमालकीण, किंवा जिच्याकडे तुमचं काही काम अडलंय अशी कोणी, तर एवढं मोकळेपणाने बोलणं सोपं नसतं आणि तिथे मी आग्रह धरणार नाही. तिथे कारण न देता थोडक्यात नाही म्हणा, "भिशी मी कुठेच करत नाही", आणि मग खरंच कुठेच करू नका, कारण तिसरीकडे केलीत तर कळणारच.

आग्रहाला बळी पडून हो म्हणून बसलेय. आता नाही म्हणता येईल का?

पहिली चिठ्ठी निघायच्या आधी असाल तर आजच्या आज सांगा आणि शक्य असेल तर तुमच्या जागी कोणी मिळतंय का ते विचारून ठेवा, चालवणारीला त्याचाच मोठा आधार होतो. भिशी सुरू झाली असेल पण तुमचं नाव निघालेलं नसेल तर बदली माणूस मिळाल्याशिवाय सोडू नका. त्या बाईने तुम्ही आत्तापर्यंत भरलेले पैसे तुम्हाला द्यायचे आणि तुमच्या नावाने पुढे भरत राहायचं, असं आमच्याकडे करतात, चालवणारीला मध्ये घेऊन आणि वहीत लिहून. आणि तुमचं नाव निघून पैसे घेऊन झाले असतील तर सोडायचा प्रश्नच येत नाही. तिसऱ्या महिन्यात २४,००० घेतलेत तर उरलेले नऊ महिने २,००० प्रमाणे १८,००० तुम्हाला भरायचेच आहेत, ते बाकीच्यांचे पैसे आहेत. खाण्याला, हाउजीला नाही गेलात तरी चालेल, पैसे एक तारखेला पोचते करा, आणि चालवणारीला आत्ताच सांगून ठेवा की पुढच्या भिशीच्या यादीत माझं नाव घालू नका.